बेरीज जुळली तरी ओळी तपासायच्या: पीओ आणि बिलाचे स्क्रीनशॉट समोरासमोर ठेवताना

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हळद शिजवायचे कुकर आणि हळद पॉलिश करायचे ड्रम बनतात. सांगलीच्या आसपासच्या शेतांतून हळद निघायला लागली की या मशिनींची मागणी एकदम वाढते, त्यामुळे पत्रा, अँगल, पट्टी यांची मोठी खरेदी त्याच्या आधीच, थंडीत उरकावी लागते. खरेदीच्या ऑर्डरी, म्हणजे पीओ, काढणं आणि आलेली बिलं तपासणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. ऑर्डर कॉम्प्युटरवर बनते, पण व्यापाऱ्याकडे जातो तो तिचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवर. तिकडूनही गाडी निघाली की बिलाचा स्क्रीनशॉट येतो. छापील बिल ड्रायव्हरच्या खिशात असतं आणि ते माझ्या टेबलावर येईपर्यंत माल उतरून रॅकला लागलेला असतो. म्हणून गाडी गेटवर यायच्या आत हे दोन स्क्रीनशॉट जुळवून ठेवायचे, अशी माझी पद्धत आहे. माल गाडीत असतो तोवर नग मोजता येतात. एकदा तो आधीच्या मालात मिसळला की नवीन अँगल कुठला आणि जुना कुठला, हे कोणीच सांगू शकत नाही.

गेल्या हंगामाआधी कोल्हापूरकडच्या एका व्यापाऱ्याचं बिल आलं, त्याची ही हकीकत. ते सविस्तर सांगण्याचं कारण असं, की त्या बिलाची शेवटची रक्कम आमच्या पीओच्या रकमेशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. बेरीज बघून बिल पास करणाऱ्या कोणालाही त्यात काही खटकलं नसतं.

आमच्या पीओत तीन ओळी होत्या. 3 मिमी जाडीचा, 2500 बाय 1250 मापाचा पत्रा 12 नग. 50×50×6 चा अँगल, सहा मीटर लांबीचे 20 नग. 50×6 ची पट्टी, तीही सहा मीटरची, 15 नग. दर तिन्हींचे किलोवर होते आणि खाली लिहिलं होतं, 'माल कारखान्यात पोच, भाडं दरातच धरलेलं'. जीएसटी 18 टक्के वेगळा. सगळं मिळून 1,18,092 रुपये.

बिलाचा स्क्रीनशॉट आला त्यात शेवटचा आकडा होता 1,18,054. फरक अवघ्या 38 रुपयांचा. लोखंडाच्या खरेदीत एवढा फरक रोजचाच असतो, कारण पीओत वजन हिशेबाने काढलेलं असतं आणि बिलात काट्यावरचं येतं. आमचे मालक शेजारीच उभे होते. आकडा बघून म्हणाले, "बरोबर आहे की. टाका एंट्री."

मी म्हटलं, "साहेब, ओळी बघते आणि मग टाकते."

दोन्ही चित्रं फोनवर मागेपुढे सरकवत बघायची नाहीत, हा माझा पहिला नियम. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत डोळ्यातला आकडा निसटतो, आणि मग मनाला जो अपेक्षित असतो तोच दिसायला लागतो. मी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेते आणि अर्ध्या पडद्यावर पीओ, अर्ध्यावर बिल असं लावते. विंडोजमध्ये `Win` आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ एकत्र दाबली की खिडकी अर्ध्या भागात बसते, वेगळं काही लागत नाही. मग आधी बिलाच्या ओळी एका कागदावर उतरवते. उतरवताना पीओकडे बघत नाही. बिल काय म्हणतंय ते स्वतंत्रपणे लिहून झालं की मगच पीओचे आकडे त्याच्या शेजारी मांडते.

या बिलात उतरवतानाच अडचण आली. स्क्रीनशॉट म्हणजे खरं तर कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, त्यात बारीक आकड्यांच्या कडा विरघळतात. अँगलच्या ओळीत वजन 513 आहे की 518, हे कितीही मोठं करून बघितलं तरी कळेना. 3 आणि 8, 5 आणि 6, 1 आणि 7 या जोड्या अशा फोटोत नेहमीच फसवतात.

अशा वेळी बिलच आपल्याला उत्तर देतं. प्रत्येक ओळीत वजन, दर आणि रक्कम असे तीन आकडे असतात आणि त्यांतले दोन स्पष्ट असले की तिसरा काढता येतो. दर 62 स्पष्ट दिसत होता, रक्कम 31,806 स्पष्ट दिसत होती. 518 ला 62 ने गुणलं तर 32,116 येतात. 513 ला गुणलं तर बरोबर 31,806. म्हणजे वजन 513. हा गुणाकार मी आता प्रत्येक ओळीला करतेच, आकडा स्पष्ट दिसत असला तरी. त्यासाठी एक्सेलमध्ये एक साधं सूत्र ठेवलं आहे. डी रकान्यात वजन, ई मध्ये दर आणि एफ मध्ये बिलावरची रक्कम:

```
=ROUND(D2*E2,2)-F2
```

उत्तर शून्य आलं म्हणजे आपण आकडे नीट वाचलेत. शून्य नाही आलं तर एक तर वाचण्यात गडबड आहे, नाही तर ओळीत कुठेतरी सूट धरलेली आहे आणि तो रकाना फोटोत कापला गेला आहे. ही दुसरी शक्यता बेअरिंग आणि व्ही-बेल्टच्या बिलांत फार वेळा निघते. तिथे छापील किमतीवर टक्केवारीने सूट असते. टक्केवारी पीओप्रमाणेच असते आणि मूळ छापील किंमत मात्र गुपचूप वाढलेली असते. लोखंडाला असली सूट नसते, म्हणून इथे सूत्राचं उत्तर शून्य येणं पुरेसं होतं. या गुणाकाराची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. आपण बिल बरोबर वाचलं एवढंच त्यातून कळतं. दर पीओतला आहे का, हे त्यातून कळत नाही.

वाचून झाल्यावर कागदावर हे असं उभं राहिलं:

| माल | पीओ: नग | पीओ: किलो | पीओ: दर | बिल: किलो | बिल: दर | बिल: रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|
| पत्रा 3 मिमी | 12 | 883 | 62 | 872 | 62 | 54,064 |
| अँगल 50×50×6 | 20 | 540 | 60 | 513 | 62 | 31,806 |
| पट्टी 50×6 | 15 | 212 | 61 | 216 | 61 | 13,176 |
| भाडं | | | पोच | | | 1,000 |

दराचा फरक लगेच दिसला. अँगल 60 ने ठरला होता, बिलात 62 लागला होता. भाड्याची ओळ तर पीओत नव्हतीच. स्क्रीनशॉटमध्ये ती मालाच्या ओळींपासून खाली, कराच्या ओळींच्या अगदी वर, बारीक अक्षरात होती. पुष्कळ जण मालाच्या ओळी संपल्या की थेट शेवटच्या आकड्यावर उडी मारतात. मधल्या जागेत भाडं, पॅकिंग, हमाली असं काहीही बसलेलं असू शकतं, आणि त्यावर मालाइतकाच 18 टक्के करही चढतो.

अवघड भाग होता वजनाचा. पीओत नग आणि किलो दोन्ही होते, बिलात फक्त किलो. अशा वेळी वजनावरून नग काढावे लागतात, आणि त्यासाठी लोखंडाचा हिशेब माहीत हवा. लोखंडाची घनता 7.85 धरायची. पत्र्याची लांबी, रुंदी मीटरमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 7.85 ने गुणायचं, की एका नगाचं वजन किलोत मिळतं. आमच्या पत्र्याचं ते 73.6 किलो येतं. 50×50×6 चा अँगल मीटरला 4.5 किलो भरतो, म्हणजे सहा मीटरचा नग 27 किलोचा. पट्टीचा नग 14.13 किलोचा.

आता बिलातल्या वजनाला या आकड्यांनी भागायचं. पत्रा 872 भागिले 73.6 म्हणजे 11.85. पट्टी 216 भागिले 14.13 म्हणजे 15.3. हे दोन्ही मला पटणारे होते. पत्र्याचे 12 नग आलेत, पण जाडी पूर्ण 3 मिमी नसून 2.96 च्या आसपास आहे, एवढाच त्याचा अर्थ. पट्टी उलट किंचित जाड लाटली गेली आहे. लाटलेल्या लोखंडात एक-दोन टक्क्यांचा असा फरक असायचाच, आणि आपण पैसे किलोने देत असल्यामुळे पत्रा हलका निघाला तर बिलही तेवढंच हलकं होतं. अशा फरकांवरून मी कोणाला फोन करत नाही. प्रत्येक फरकावर भांडत बसलं तर खऱ्या फरकाच्या वेळी आपलं कोणी ऐकत नाही.

अँगलचा भागाकार मात्र 513 भागिले 27 म्हणजे नेमका 19 आला. पीओत 20 होते. याचे दोन अर्थ निघत होते. एक तर पूर्ण वजनाचे 19 नग गाडीत आहेत. नाही तर 20 नग आहेत, पण प्रत्येक 27 च्या जागी 25.65 किलोचा, म्हणजे पाच टक्के हलका. दुसरी शक्यता जास्त वाईट होती. पाच टक्के हलका अँगल म्हणजे कडा 6 मिमीच्या नाहीत, आणि हा अँगल आमच्या ड्रमच्या स्टँडला लागतो. ड्रम भरून फिरायला लागला की सगळा भार आणि हादरा त्या स्टँडवर येतो.

यातलं खरं कोणतं, हे स्क्रीनशॉट सांगू शकत नाही. दोन्ही बाबतींत बिल अक्षरशः सारखंच दिसलं असतं. काट्याची पावतीही यात उपयोगी पडत नाही. आमच्याकडे गाडी आत येताना आणि रिकामी जाताना वजनकाट्यावर जाते. त्या दिवशी मालाचं वजन 1,600 किलो भरलं, बिलातली तिन्ही वजनं मिळून 1,601 होती. म्हणजे बिलात लावलेलं वजन खरं होतं, त्यात खोट नव्हती. नग किती, हे तरीही मोजूनच कळणार होतं.

गाडी गेटवर आली तेव्हा मी स्टोअरच्या मामांना फोन केला. "मामा, अँगलचं बंडल सोडायच्या आधी टोकं मोजा. वीस हवेत. आणि एकाची जाडी व्हर्नियरने बघा."

बंडलात लांबीवरून मोजायला गेलं तर नग एकावर एक बसलेले असल्यामुळे चुकतात, म्हणून टोकाकडून खडूची खूण करत मोजायचं. ही रीत मामांनीच मला शिकवली. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "एकोणीस हाईत. दोनदा मोजलं. जाडी सहाला चिकटूनच हाय, माल चांगला हाय."

म्हणजे माल पूर्ण वजनाचा होता, एक नग कमी होता. मामांनी गेट रजिस्टरला 19 लिहिले, ड्रायव्हरकडच्या चलनाच्या दोन्ही प्रतींवर 'अँगल 19 नग मिळाले' असं लिहून त्याची सही घेतली, आणि मग हमालांना माल उतरवायला सांगितला. ही सही फार महत्त्वाची असते. ती नसेल तर दुसऱ्या दिवशी समोरून "आम्ही तर वीस भरले होते" असं उत्तर येतं आणि ते खोटं ठरवायला आपल्याकडे काहीच नसतं.

आता मालक बघत असलेल्या त्या शेवटच्या आकड्याकडे परत जाऊ. अँगलला दोन रुपये जास्त लागले, त्याचे 513 किलोवर 1,026 रुपये झाले. भाड्याचे 1,000. मिळून 2,026 जास्त. दुसऱ्या बाजूला एक अँगल कमी आला, पत्रा किंचित हलका आला, त्यामुळे तेवढ्याच रकमेचा माल कमी. जास्तीचं आणि कमीचं एकमेकांत विरलं आणि बेरीज पीओजवळ येऊन थांबली. व्यापाऱ्याने हे जुळवून आणलं होतं असं मला अजिबात वाटत नाही. हा योगायोगच होता. पण माल थोडा कमी येणं आणि दर थोडा जास्त लागणं या दोन्ही गोष्टी रोज होतात, त्यामुळे असा योगायोगही वाटतो तितका दुर्मीळ नसतो. दर आणि नग वेगवेगळे तपासले तरच तो पकडता येतो.

फोन करण्याआधी मी आणखी एक गोष्ट तपासली, कारण चूक आपल्या बाजूची असेल तर आवाज चढवून उपयोग नसतो. आमच्याकडून नेमकी कोणती पीओ गेली होती? भावाची घासाघीस चालू असताना आम्ही एक कच्ची ऑर्डर पाठवलेली असते, दर ठरल्यावर पक्की पाठवतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींचे स्क्रीनशॉट एकाखाली एक पडलेले असतात. टॅलीच्या बिलावर `Buyer's Order No.` असा एक रकाना असतो. बिल कुठल्या ऑर्डरवरून बनवलं हे तिथे कळतं. या बिलात तो रकाना कोरा होता. तिथेच मला अंदाज आला.

मी चॅट वर सरकवत गेले. पक्क्या पीओच्या आधी व्यापाऱ्याने स्वतःचं कोटेशन पाठवलं होतं. त्यात अँगल 62 ने होता आणि खाली 'भाडं 1,000 वेगळं' असं होतं. त्यानंतर फोनवर बोलणं होऊन अँगल 60 ला आणि माल पोच असं ठरलं, आमची पीओ तशी गेली आणि तिच्याखाली त्यांचा 'ओके' सुद्धा होता. बिल करणाऱ्या मुलाने ते कोटेशन समोर ठेवून केलं असणार, हे उघड होतं.

त्यांच्या ऑफिसला फोन लावला. बिल करणारा मुलगा बोलला, "काय ओ ताई, रेट तर कोटेशनप्रमाणेच लावलाय की."

"दादा, कोटेशननंतर आमची पीओ आली आहे. तिच्याखाली तुमच्या शेठचा ओके आहे. मी दोन्ही एकत्र पाठवते, बघा."

इथे काय पाठवायचं याचाही विचार करावा लागतो. नुसतं 'दर चुकलाय' असं लिहून पूर्ण पीओ परत पाठवली तर समोरचा माणूस तीन ओळी आणि वीस आकडे शोधत बसतो. मी दोन्ही चित्रांतली फक्त अँगलची ओळ कापून एकाखाली एक जोडली, दोन्ही दरांभोवती लाल चौकोन काढले. पीओतलं 'पोच' आणि बिलातली भाड्याची ओळ अशीच जोडली. त्याखाली गेट रजिस्टरच्या पानाचा फोटो. आणि शेवटी एकच संदेश: अँगल दर फरक 1,026, भाडं 1,000, एकूण 2,026 अधिक 18 टक्के, आणि 1 अँगल येणे. कापलेल्या चित्रांबरोबर पूर्ण पीओ आणि पूर्ण बिलही डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅप लहान करत नाही, आणि ओळ कुठून कापली याची शंका राहत नाही. बिलाची पीडीएफही तेव्हाच मागून घेतली. पडद्याचा फोटो म्हणजे बिल नव्हे. एंट्री सेव्ह व्हायच्या आधीच तो काढलेला असू शकतो, आणि त्यानंतर त्यात बदलही होऊ शकतात. पीडीएफ आल्यावर मी तिच्यातल्या ओळी माझ्या कागदाशी पुन्हा मिळवल्या. त्या तशाच होत्या.

पीडीएफवर ई-इनव्हॉइसचा, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर नोंदलेल्या बिलाचा, क्यूआर कोड होता. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून तो लागतो. आमचे मालक म्हणाले, कोड स्कॅन करून बघा म्हणजे बिल खरं का खोटं ते कळेल. बिल खरंच होतं, कोडही बरोबर होता. पण त्या कोडमध्ये दोन्ही बाजूंचे जीएसटी नंबर, बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम, ओळी किती, मुख्य मालाचा एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गाचा नंबर, असं मोजकंच असतं. प्रत्येक ओळीचं वजन आणि दर त्यात नसतो. चुकीच्या दराचं बिलही पोर्टलवर रीतसर नोंदलं जातं आणि त्याचा कोड अगदी व्यवस्थित स्कॅन होतो. सरकारच्या यंत्रणेला तुमचा ठरलेला भाव माहीत असायचं कारण नाही.

दुपारी त्यांच्या शेठचा फोन आला. माणूस सरळ होता. म्हणाले, "ताई, चूक आमच्या पोराची आहे. तुम्ही असं करा, पैसे देताना कापून घ्या."

इथेच बरेच छोटे कारखाने हो म्हणतात. मी नाही म्हटलं. आपण नुसते पैसे कापून घेतले तर जीएसटीच्या नोंदींत ते बिल पूर्ण रकमेचंच राहतं. त्यांनी भरलेला कर 1,00,046 वर, आपण त्या कराचं घेतलेलं क्रेडिटही तेवढ्यावरच, आणि प्रत्यक्षात दिलेले पैसे कमी. वर्षाअखेर दोन्हींच्या खातेउताऱ्यात 2,391 रुपयांचा फरक लोंबकळत राहतो आणि तो कशाचा हे तोवर कोणालाच आठवत नसतं. बिलात किंमत जास्त लागली असेल तर माल पाठवणाऱ्याने तेवढी रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट द्यायची, अशी जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये सोय आहे. ती त्यांनी त्यांच्या रिटर्नला दाखवली की आमच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे आमच्या क्रेडिटच्या उताऱ्यात, दिसते आणि आम्ही तेवढं क्रेडिट कमी करतो. दोन्हीकडचे आकडे मग सारखे होतात. बिल रद्द करून नवीन काढायचा पर्याय त्यांच्या मुलाने सुचवला होता, पण माल त्याच बिलावर आणि त्याच्याच ई-वे बिलावर रस्त्याने आलेला होता, उतरलाही होता. तेव्हा क्रेडिट नोट हाच सरळ रस्ता होता.

संध्याकाळी क्रेडिट नोटचा स्क्रीनशॉट आला. तोही मी बिलासारखाच तपासला, कारण चूक दुरुस्त करणाऱ्या कागदातही तोच मुलगा, तोच कॉम्प्युटर आणि तीच घाई असते. अँगल दर फरक 513 किलो गुणिले 2, भाडं 1,000, मिळून 2,026. दोन्ही पक्ष महाराष्ट्रातले, म्हणून सीजीएसटी 182.34 आणि एसजीएसटी 182.34. एकूण 2,390.68, पूर्णांकात 2,391. मूळ बिलाचा नंबर आणि तारीख त्यावर होती. तीही बघावी लागते, नाही तर ही नोट कुठल्या बिलाची आहे हे नंतर शोधत बसावं लागतं.

उलट्या बाजूनेही एकदा हिशेब केला. पत्रा 54,064, अँगल 513 किलो 60 ने 30,780, पट्टी 13,176. बेरीज 98,020, त्यावर 18 टक्के धरून 1,15,663.60. बिलातून क्रेडिट नोट वजा केली तर 1,15,663. पैशांचा फरक दोन्ही कागदांवर पूर्णांक केल्यामुळे आलेला. देणं बरोबर होतं, तेवढंच मी पेमेंटला लावलं.

पीओ मात्र बंद केली नाही. आमच्या रजिस्टरला प्रत्येक पीओच्या प्रत्येक ओळीसमोर ऑर्डर, आलेले आणि बाकी असे तीन आकडे असतात. पत्रा बाकी 0, पट्टी बाकी 0, अँगल बाकी 1. ही बाकी मी नगांत ठेवते, किलोत नाही. किलोत ठेवली असती तर पत्र्यासमोर 11 किलो बाकी आणि पट्टीसमोर उणे 4 किलो असं कायमचं लटकत राहिलं असतं, आणि खरोखर न आलेला एक अँगल त्या खोट्या बाक्यांच्या गर्दीत दिसलाच नसता.

तो अँगल त्यांच्या पुढच्या गाडीत आला. त्याचं वेगळं बिल होतं, 27 किलो, 60 चा दर, 1,620 अधिक कर, पूर्णांकात 1,912 रुपये. या वेळी `Buyer's Order No.` च्या रकान्यात आमचा पीओ नंबर भरलेला होता. मी जुन्या पीओचा स्क्रीनशॉट पुन्हा डाव्या बाजूला उघडला, ओळ मिळवली, मामांकडून एक नग मिळाल्याची नोंद घेतली आणि अँगलसमोरची बाकी शून्य केली.